मदत हवी आहे: हायड्रॉलिक रॅम पंप ठकठक करतो, पण पाणी टाकीच्या चार मीटर खाली अडकतं

व्हाळकाठी (धागाकर्ता)

दक्षिण रत्नागिरीतला बारमाही व्हाळ आहे. सध्या पाणी मिनिटाला ४० लिटर (१५ लिटरची बादली साडेबावीस सेकंदांत भरते). छोट्या दगडी बंधाऱ्यापासून पंपापर्यंत उतार ३ मीटर, पण व्हाळ सपाट असल्याने तेवढा उतार मिळवायला ५५ मीटर खाली यावं लागलं. बंधाऱ्यापासून पंपापर्यंत एकसंध दीड इंची काळा एचडीपीई पाइप टाकला आहे. वरच्या सुपारीच्या बागेतली टाकी पंपापासून २० मीटर उंच आहे आणि तिकडे पाऊण इंची पाइप ९० मीटर जातो. दोन्ही उंच्या गवंड्याच्या पारदर्शक नळीने मोजल्या आहेत.

विजेशिवाय, पडत्या पाण्याच्या धक्क्यावर चालणारा हा पंप घरीच जोडला आहे. सव्वा इंची पितळी एनआरव्ही उलटा लावून बाहेर पाणी सोडणारी झडप केली, टाकीकडे जाणारं पाणी परत येऊ नये म्हणून दुसरा एनआरव्ही, आणि चार इंची पीव्हीसीचा तीन फुटी हवेचा डबा. झडप मिनिटाला ३५ वेळा आपटते, दिवसभर न थांबता. पण डब्यावरचा दाबमापक १.६ किलोवर जाऊन बसतो आणि पुढे हलत नाही. वरच्या पाइपात पाणी १६ मीटरपर्यंत येतं, टाकीत थेंब नाही. गळती कुठेही नाही. चुकतंय काय?

नटबोल्ट

झडपेवर वजन वाढवा. झडप उशिरा बंद झाली की पाइपातलं पाणी जास्त वेग घेतं आणि धक्का मोठा बसतो. एकेक नट वाढवत जा, आपोआप चढेल.

काटकोन

वजनापेक्षा हवेचा डबा मोठा करा. पाणी वर ढकलतो तो हवेचा दाबच. डबा दुप्पट केला की दाबही वाढेल.

जुना_फिटर

काटकोन, हवा दाब निर्माण करत नाही. आलेला धक्का ती साठवते आणि पुढच्या ठोक्यापर्यंत सावकाश सोडते, त्यामुळे वरच्या पाइपात पाणी झटक्याझटक्याने न जाता सलग जातं. डबा दहापट केला तरी १.६ चे १.७ होणार नाहीत.

व्हाळकाठी, तुमची मापं स्वच्छ आहेत म्हणून उत्तरही नेमकं देता येतं. दोष पंपात नाही, त्याच्या आधीच्या पाइपात आहे.

झडप उघडी असताना पाणी पाइपातून वेग घेत खाली येतं आणि झडपेतून व्हाळात सांडतं. वेग पुरेसा झाला की वाहणारं पाणीच झडपेची चकती ओढून बंद करतं. ५५ मीटर लांबीचं पाण्याचं दांडकं एका क्षणात थांबतं, आणि त्या थांबण्यातून दाब उसळतो. तो किती उसळणार हे दोन गोष्टींवर ठरतं: थांबताना वेग किती होता आणि पाइपाची भिंत किती ताठ आहे. सेकंदाला १ मीटर वेगाचं पाणी लोखंडी जीआय पाइपात अचानक थांबलं, तर हिशेबाने सव्वाशे मीटरच्या वर उंचीइतका दाब येतो. तुमच्या काळ्या पाइपात तोच आकडा २४-२५ मीटर, कारण भिंत फुगते आणि धक्का तीच खाऊन टाकते. ३५ ठोक्यांवरून तुमचा वेग ०.७ च्या आसपास वाटतो. ०.७ गुणिले २४ करा, साधारण १७ मीटर. दाबमापक १.६ किलो म्हणजे १६ मीटर सांगतोय. तो खोटं बोलत नाही.

पडताळा हवा असेल तर झडप बंद होते त्या क्षणी पंपापासून हातभर अंतरावर काळ्या पाइपावर तळवा ठेवा. पाइप श्वास घेतल्यासारखा फुगलेला हाताला कळतो. जीआयवर तिथे नुसता कडक टोला लागतो.

व्हाळकाठी

हात ठेवून बघितला, फुगतो. नटबोल्ट यांचाही उपाय केला. एक नट वाढवल्यावर दाब १.८ झाला. दुसरा घातला तर झडप बंदच होत नाही, नुसतं पाणी वाहत राहतं.

जुना_फिटर

नटबोल्ट यांचं अर्धं बरोबर आहे. वजनाने वेग वाढतो, पण पाइपाची लांबी जितकी वेग देईल तितकाच. ५५ मीटर पाइपातलं घर्षण पाण्याला एका वेगाच्या पुढे जाऊ देत नाही. झडप बंद करायला त्याहून जास्त वेग लागेल एवढं वजन घातलंत, की ती कायमची उघडी.

शंकासुर

मला तर हे सगळंच गौडबंगाल वाटतं. ३ मीटर पडणारं पाणी २० मीटर चढणार, तेही विजेशिवाय? असली यंत्रं जत्रेत विकतात.

जुना_फिटर

सगळं पाणी कुठे चढतंय? ४० लिटर ३ मीटर पडले की हिशेबात १२० जमा होतात. २० मीटर चढवायचं तर त्यातून फार तर ६ लिटर निघतील. पंप, पाइप, झडपा आपला वाटा घेतात, म्हणून साठ टक्के धरा: मिनिटाला ३.६ लिटर. बाकी ३६ लिटरच्या वर पाणी व्हाळातच परत जातं. २४ तासांचे होतात ५,००० लिटरच्या थोडे वर. जोडणी कच्ची असली तर चार हजार. सुपारीच्या बागेला एवढं येतं की नाही ते धागाकर्त्यांनी ठरवायचं.

आणि हे जत्रेतलं नाही. १७९६ साली फ्रान्समध्ये जोसेफ-मिशेल माँगोल्फिए यांनी आपल्या कागद गिरणीला पाणी चढवायला आपोआप चालणारा रॅम केला. गरम हवेच्या फुग्यावाल्या दोघा भावांमधले तेच.

माळरान

छान चर्चा. माझ्या विहिरीत पाणी ३० फुटांवर आहे, वीज रात्रीच येते. हा पंप विहिरीत सोडला तर चालेल ना? किती इंची घेऊ?

जुना_फिटर

नाही चालणार. पंपातून सांडणारं पाणी आणखी खाली वाहून जायला जागा लागते. विहिरीच्या तळाशी ते कुठे जाणार?

रानवाट

मूळ प्रश्नाकडे येते. ५५ मीटरचा पूर्ण पाइप जीआय करणं महाग पडेल, आणि गरजही नाही. बंधाऱ्यापासून पाणी साध्या मोठ्या पाइपाने पंपाच्या जवळ आणा, तिथे एक ड्रम ठेवा आणि ड्रमापासून पंपापर्यंत तेवढा जीआय टाका.

जुना_फिटर

रानवाटताई, कल्पना अगदी बरोबर, पण ड्रम इथे फसेल. पंपाच्या आधीचा ताठ पाइप उताराच्या पाच-सहा पट लांब हवा, म्हणजे ३ मीटरला १८ मीटर. व्हाळ सारखा उतरत असेल तर पंपापासून १८ मीटरवरची जमीन पंपापेक्षा जेमतेम मीटरभर उंच असणार. तिथे ड्रम जमिनीवर ठेवलात तर पाणी काठावरून वाहून जाईल आणि हातात उतार राहील दीड-दोन मीटरचा. ड्रम दीड मीटर उंच चौथऱ्यावर चढवावा लागेल.

त्याऐवजी त्या जागी ११० मिलिमीटर पीव्हीसीचा एक पाइप उभा करा, वरून उघडा, आणि त्याचं तोंड बंधाऱ्यातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वीतभर वर घ्या. बंधाऱ्यापासून इथपर्यंतचे ३७ मीटर ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी. एवढ्या मोठ्या पाइपात ४० लिटरला घर्षण नगण्य, त्यामुळे उभ्या पाइपात पाणी जवळपास बंधाऱ्याइतकंच चढून राहील आणि ३ मीटर शाबूत राहतील. त्याच्या बुडातून दीड इंची जीआय पंपाकडे. दाबाची लाट उलटी येते ती या उघड्या तोंडाशी संपते, मागचा पीव्हीसी सुरक्षित राहतो. उभा पाइप चिऱ्यांच्या आधाराने पक्का बांधा, नाहीतर पंधरा दिवसांत डुलायला लागेल.

जीआयमध्ये एल्बो टाळा, वळण हवंच तर लांब बेंड घ्या. पाइपात मध्येच उंचवटा राहू देऊ नका. तिथे हवा अडकते आणि ती हवा काळ्या पाइपासारखीच धक्का गिळते. लांबी कमी झाल्याने ठोके वाढून साठाच्या आसपास जातील, तेव्हा वाढवलेला नट आधी काढून सुरुवात करा.

नटबोल्ट

१८ मीटर जीआयचा खर्च तरी कशाला? १० किलोचा पीव्हीसी घ्या. तुमच्याच हिशेबाने पीव्हीसीत दर मीटर वेगाला ३५-४० मीटर दाब मिळतो. २० मीटरला भरपूर झाला.

जुना_फिटर

चढेल, नाकारत नाही. पाणी कमी चढेल, आणि मिनिटाला साठ म्हणजे दिवसाला ८६,००० टोले बसणार. सॉल्व्हंटचे सांधे किती दिवस धरतील?

नटबोल्ट

सांधे दगड-मातीत दाबून टाकले, पाइप हलू दिला नाही तर धरतात. उन्हात उघडा ठेवला तर मात्र नाही.

जुना_फिटर

मी जीआयच टाकेन. खिसा त्यांचा, निर्णय त्यांचा.

व्हाळकाठी

जीआय टाकतो. सुरू कसा करायचा? आणि एक विसरलो: आधीच्या आठवड्यात सुरुवातीला आवाज मऊ होता, चौथ्या दिवसापासून लोखंडावर हातोडा मारल्यासारखा यायला लागला. दाबमापकाचा काटाही थरथरतो.

जुना_फिटर

तो आवाज म्हणजे डब्यातली हवा संपली. दाबाखाली हवा पाण्यात विरघळते आणि वर निघून जाते. डबा पाण्याने भरला की प्रत्येक टोला थेट पीव्हीसीवर. असा चालू ठेवलात तर डबा फुटेल.

उपाय दोन. टाकीकडच्या एनआरव्हीच्या लगेच खाली, पंपाच्या अंगाला दीड मिलिमीटरचं भोक पाडा. प्रत्येक ठोक्यानंतर पंपात क्षणभर ओढ तयार होते, तेव्हा त्यातून हवेचा घोट आत येतो. दाबाच्या वेळी चिळकांडी उडेल, ती उडू द्या. किंवा डब्यात सायकलची ट्यूब अर्धवट हवा भरून कोंबा.

हीच ओढ झडपही उघडते. चकती साधारण ८ चौरस सेंटिमीटरची, ३ मीटर पाण्याचा दाब तिच्यावर २.४ किलोचा. तुमची चकती नटासकट दीडशे ग्रॅमची. स्वतःच्या वजनाने ती कधीच पडणार नाही. पाणी थांबून किंचित मागे उसळतं, आतला दाब क्षणभर नाहीसा होतो, तेव्हाच पडते.

म्हणूनच सुरू करताना टाकीकडचा बॉल व्हॉल्व्ह बंद ठेवा. वरचा पाइप रिकामा असला तर पाणी थांबतच नाही, सरळ वर निघून जातं, उसळी येत नाही आणि झडप मिटलेलीच राहते. चकती हाताने वीस-तीस वेळा दाबून सोडा. दाब १ किलो झाला की ती स्वतः चालायला लागेल. मग व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, काटा १ च्या खाली येऊ न देता. जीआय लावल्यावर व्हॉल्व्ह बंद ठेवून जास्त वेळ चालवू नका, दाब भराभर वाढतो. ४ किलोला उघडाच.

रानवाट

भोक पाडणार असाल तर पावसाचं काय? व्हाळाचं पाणी पंपावरून गेलं की भोक हवेऐवजी पाणीच ओढणार.

जुना_फिटर

बरोबर. झडप पाण्याखालीही चालते, भोक नाही. शिवाय पुरात पंपच जाईल. दोन्ही बाजूंना युनियन टाका आणि जूनच्या आधी काढून घरात ठेवा, पावसात बागेला पाणी लागतंय कशाला?

व्हाळकाठी

ट्यूब घालतो. बंधाऱ्याच्या तोंडाला जाळी आहे, तरी झडपेत पानं अडकतात.

रानवाट

जाळी सपाट असेल तर एक पान आडवं बसलं की काम संपलं. पाइपाच्या टोकाला हातभर लांब भोकं पाडलेला नळा लावा आणि त्यावर जाळी गुंडाळा. तोंड तळापासून वीतभर वर ठेवा, नाहीतर रेती चकतीखाली बसेल.