मदत हवी आहे: वर्ड फाइलवरून ईपब करताना प्रकरणं, फोटो आणि फॉन्ट बिघडतात

रानवाट: घाटवाटांवरच्या पुस्तकाचं हस्तलिखित वर्डमध्ये आहे. कॅलिबरमधून ईपब केलं, तर सगळी प्रकरणं सलग येतात, फोटो भलत्याच परिच्छेदाला जाऊन चिकटतात. Embed font family मध्ये मुक्त फॉन्ट निवडला, तरी मजकूर मंगलमध्येच दिसतो. छापील पीडीएफ मात्र उत्तम.

कागदकाम: शीर्षकं ठळक करून, एंटर मारत नव्या पानावर ढकलली आहेत का? ईपबला पानं नसतात, त्यामुळे एंटर म्हणजे नुसत्या रिकाम्या ओळी. प्रत्येक शीर्षकाला Heading 1 लावा. कॅलिबर तिथे आपोआप नवं पान सुरू करतं आणि अनुक्रमणिकाही बनते.
फोटोंचं Wrap Text काढून In Line with Text करा, म्हणजे फोटो अक्षरासारखा आपल्या जागी बसेल. फोटोखालची ओळ टेक्स्टबॉक्समध्ये असेल तर बाहेर काढून साधा परिच्छेद करा.

शाईपेन: फॉन्टचं सोपं आहे. माझं पुस्तक जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये होतं, तोच फॉन्ट आत घातला. झकास दिसतं.

कागदकाम: दिसतं खरं, पण वाचकाने फॉन्ट बदलून बघू दे, सगळं पान इंग्रजी अक्षरांचा चिवडा होईल. पुस्तकात ‘राजगड’ शोधला तरी सापडणार नाही. आधी युनिकोड करून घ्या.
रानवाट, तुमच्या वर्ड फाइलमध्येच मंगल लिहिलेला आहे, तो तुम्ही निवडलेल्या फॉन्टवर मात करतो. Look & feel मध्ये Filter styling ला जाऊन Fonts वर टिक करा, मग रूपांतर करा. एक तोटा आहे: उताऱ्यांना मुद्दाम वेगळा फॉन्ट दिला असेल तर तोही जाईल.

सांजवेळ: मला प्रिंटरला फाइल द्यायची आहे, ईपब चालेल का?

कागदकाम: नाही हो, त्यांना पीडीएफ द्या.

रानवाट: प्रकरणं आणि फोटो जागेवर आले! लॅपटॉपवर फॉन्टही बरोबर. मोबाइलवर मात्र अजून वेगळाच.

कागदकाम: Edit book उघडून डावीकडच्या यादीत फॉन्टची फाइल आहे का बघा. असेल तर पुस्तक ठीक आहे, वाचनाच्या ॲपमध्ये मूळ फॉन्ट किंवा प्रकाशकाचा फॉन्ट निवडावा लागेल. शैलीत ही ओळही दिसायला हवी, फक्त नाव तुमच्या फॉन्टचं:

```
font-family: "Mukta";
```

रानवाट: फाइल आहे, ॲपमध्ये मूळ फॉन्ट निवडल्यावर जमलं. पण मित्राच्या जुन्या ई-रीडरवर ‘रस्ता’ हा ‘रस्‌ता’ असा सुटा दिसतो.

कागदकाम: चौकोन दिसले असते तर फॉन्ट पोचला नाही म्हटलं असतं. पाय मोडका दिसतोय, म्हणजे ते यंत्र जोडाक्षरं जोडतच नाही. फॉन्ट बदलून फरक पडेल असं वाटत नाही. त्याचं सॉफ्टवेअर अपडेट होतं का?

रानवाट: विचारून सांगतो.