मदत हवी आहे: जगबुडीनंतरची मालिका, पण राक्षस आणि हाणामारी नको

मुक्ता_के
लवकर सुचवा, शनिवारपासून बघायला सुरुवात करायची आहे. जग संपलंय किंवा संपत आलंय, पण गोष्ट उरलेल्या माणसांची हवी. कोण कोणाला धरून राहिलं, कोण सोडून गेलं, असं काहीतरी. शोधलं की दर यादीत झॉम्बीच झॉम्बी. दोन मालिका पहिल्याच भागात बंद केल्या.

रानवारा
द वॉकिंग डेड. झॉम्बी नावापुरते आहेत, खरी गोष्ट माणसांचीच. पहिले दोन सीझन धीर धरा.

मुक्ता_के
झॉम्बी नको असं वरच लिहिलंय.

आनंद७१
कोणत्या दोन बंद केल्या? किती भाग चालतील? इंग्रजी चालेल ना? आणि एकट्याने बघणार की कोणाबरोबर? हे कळल्याशिवाय सांगणं अवघड आहे.

देवयानी
स्टेशन इलेव्हन. २०२१ ची, एकूण १० भाग. फ्लूच्या साथीत काही दिवसांत जवळजवळ सगळी माणसं मरतात, पण मालिका त्या मरणापाशी फार रेंगाळत नाही. शिकागोत किंग लिअरचा प्रयोग चालू असताना मुख्य नट रंगमंचावर कोसळतो. प्रेक्षकांतला जीवन नावाचा माणूस मदतीला धावतो, आणि त्या गडबडीत नाटकात काम करणारी लहानगी किर्स्टन त्याच्या गळ्यात पडते. तिला घरी सोडायला निघालेला हा माणूस शेवटी तिला घेऊन भाऊ फ्रँकच्या घरात कोंडून घेतो. वीस वर्षांनंतरची किर्स्टन गावोगाव शेक्सपिअर करणाऱ्या फिरत्या मंडळीत आहे.

बरेच जण तिसऱ्या भागाशी सोडतात, कारण तो एकदम मिरांडा या वेगळ्याच बाईकडे वळतो. सोडू नका. तिने काढलेलं कॉमिकच पुढे सगळ्यांना जोडतं. सातव्या भागात मोठी किर्स्टन विषाच्या ग्लानीत त्या घरात परत जाते आणि लहानपणीच्या स्वतःला बघत उभी राहते. ती छोटी त्या कॉमिकवरून नाटक बसवते, दोघा भावांना भूमिका देते, आणि नाटकापायी घर सोडणं लांबतं. त्या उशिराची किंमत फ्रँकच्या जिवाने चुकते. नातं म्हणजे काय ते या एका भागात कळतं.

रानवारा
अहो, सगळं सांगून टाकलंत की!

चिंतामणी_प
त्यापेक्षा मूळ कादंबरी वाचा. गोष्ट तीच, वेळ कमी.

देवयानी
तीच नाही. साथ आणि फिरती नाटकमंडळी तीच, पण कादंबरीत जीवन आणि किर्स्टन त्या पहिल्या रात्रीच वेगळे होतात. मालिकेने त्यांना एकत्र ठेवलं, आणि मला जे आवडतं ते सगळं त्यातूनच आलंय.

आनंद७१
माझं मत द लेफ्टओव्हर्सला. एका दिवशी जगातली २ टक्के माणसं गायब होतात, कारण कधीच कळत नाही. तीन सीझन, २८ भाग. नोराचा नवरा आणि दोन्ही मुलं गेलीत. ती अजून मुलं खायची तेच सामान आणते, तसंच न उघडता टाकते आणि पुन्हा तेच विकत घेते. पहिल्या सीझनच्या सहाव्या भागात हे बघून मी उठून बाहेर गेलो होतो.

चिंतामणी_प
२ टक्के गेले म्हणजे जगबुडी कुठे झाली? वीज चालू, पोलीस चालू, शाळा चालू.

आनंद७१
म्हणून तर जास्त लागते. सगळं चालू आहे आणि तरी कोणाला पुढे जाता येत नाही.

सोनल_व
माझा मुलगा असलं काही बघितलं की रात्री झोपत नाही. अकरा वर्षांचा आहे. त्याच्यासाठी काही आहे का?

देवयानी
सोनल, त्यासाठी वेगळा धागा काढा, या दोन्ही त्याच्यासाठी नाहीत. मुक्ता, आनंदच्या प्रश्नांचं उत्तर राहिलंय.

मुक्ता_के
इंग्रजी चालेल. मोठ्या बहिणीबरोबर बघणार आहे. माझे भावोजी मागच्या वर्षी आजारपणात गेले. तिलाच असं काहीतरी बघायचंय, हलकंफुलकं लावलं की ती उठून जाते.

आनंद७१
हे आधी सांगायला हवं होतंत. तरी मी लेफ्टओव्हर्सच म्हणेन. तिला ओळखीचं वाटेल.

देवयानी
मी आत्ताच नाही म्हणेन. त्याच सहाव्या भागात नोरा पैसे देऊन स्वतःवर गोळी झाडून घेते, अंगात बुलेटप्रूफ जाकीट घालून. शिवाय पांढऱ्या कपड्यांतला पंथ लोकांना दुःख विसरूच देत नाही, घरात शिरून जखम उकरतो. स्टेशन इलेव्हनच्या पहिल्या भागात जीवनची बहीण हॉस्पिटलमधून फोन करते, तेवढा प्रसंग तुम्ही आधी एकटीने बघा. तो झेपेल असं वाटलं तर पुढे जा.

आनंद७१
दुःखातल्या माणसाला जपून जपून दाखवलं की त्याला अजून एकटं वाटतं. अनुभवाने सांगतोय.

मुक्ता_के
बहिणीला दोन्हींबद्दल सांगितलं. ती म्हणाली, सामान परत परत आणणारी बाई कुठल्या मालिकेत आहे ती लाव. आता काय करू?

रानवारा
कुठल्या ॲपवर आहेत या दोन्ही?