कुत्र्याच्या हार्नेसचा साईज: तुमचे अनुभव लिहा

शेरूची_आई, ठाणे
काल उपवनला एका इंडीने मागे पाय घेत हिसका दिला आणि हार्नेस डोक्यावरून सटकन बाहेर! मालक नुसता पट्टा धरून उभा. सापडला लगेच. पण मला आमच्या शेरूची दिवाळी आठवली. दुकानदाराने वजन विचारून मीडियम दिला होता, पहिल्याच लडीला शेरू पसार. तुम्ही साईज कसा ठरवता?

नेरुळकर
वजन नाही, जात नाही, छातीचा घेर. कुत्रा उभा असताना पुढच्या पायांच्या मागून, बरगड्या सगळ्यात रुंद असतात तिथून टेप फिरवा. केसाळ असेल तर केस दाबून.
आमच्या इंडीचा घेर ६४ सेमी. घेतला त्या हार्नेसचा एम ५२ ते ६६, एल ६२ ते ८०. म्हणजे दोन्हीत बसतो. पण एलचे पट्टे जवळजवळ शेवटपर्यंत आवळावे लागले आणि मानेचं भोक मोठंच राहिलं, ते आवळायची सोयच नव्हती. इंडीचं तोंड निमुळतं, निघणारच. एम घातला, पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली, तोच ठेवला.

घोडबंदरवाला
मी तर एक साईज मोठाच घेतो. स्लायडर ओढला की झालं. लॅबचं पिल्लू आहे, महिन्याला फुगतंय.

नेरुळकर
पिल्लाला ठीक, पण मापाच्या आतलाच मोठा. फार आवळलात की स्लायडर सरकून काखेत येतो. काखेतले केस गेलेत का बघा.

घोडबंदरवाला
बघितलं. डावीकडे लाल आहे 😐

पगवाली_खारघर
पगचं दुखणं वेगळंच. घेर ५४, एममध्ये मस्त बसतो, पण डोक्यावरून जातच नाही! मानेलाही बकल असलेलाच घ्यावा लागला.

कोपरीचा_बंड्या
मांजरीला चालेल का?

पगवाली_खारघर
बंड्या, मांजर तुला चालवेल.

शेरूची_आई, ठाणे
😂 पाकिटावर "बीगल: एम" लिहिलेलं असतं, त्याचं काय?

वाशी_सेक्टर१७
आमच्या बिल्डिंगमध्ये दोन बीगल. एकाचा घेर ५६, दुसऱ्याचा ६७. दुसऱ्याला आजी पोळी भरवतात.

नेरुळकर
जात फक्त अंदाजाला. अजून एक, नवीन हार्नेस घरातच तपासा. कुत्र्याच्या समोर उभं राहून पट्टा हळू आपल्याकडे ओढा, तो मागे सरकेल. कोपर आत गेलं किंवा मानेचा पट्टा कानापर्यंत आला तर सैल आहे. आवळूनही तसंच झालं तर लहान साईज, नाहीतर पोटाजवळ तिसरा पट्टा असलेला.

घोडबंदरवाला
तिसरा पट्टा पावसाळ्यात वाळतो का? आमचा दुहेरी पण वाळत नाही.

वाशी_सेक्टर१७
पंख्याखाली टाका. आजींना पण सांगतो, पोळी कमी करा म्हणून. ऐकणार नाहीत.