शब्दचर्चा: ‘ट्रायाज’ला ‘छाननी’ म्हणावं का?

चाचणीवाली: आमच्या पतसंस्थेच्या कर्जअर्जाच्या अ‍ॅपचा दुसरा बग बॅश पुढच्या शुक्रवारी आहे. येणारी अठरा माणसं वसुलीतली, हिशेबातली, काउंटरवरची. टेस्टिंग कोणीच केलेलं नाही. निमंत्रणात मी ‘बग बॅश’ला ‘चूकशोध’ आणि आलेल्या नोंदी वाचून कोणती चूक आधी दुरुस्त करायची ते ठरवण्याला, म्हणजे ‘ट्रायाज’ला, ‘छाननी’ लिहिलं. वसुलीतल्या काकांनी लगेच विचारलं, “छाननी म्हणजे आम्ही लिहिलेलं बाद करणार का?” दुसरा शब्द सुचवा.

पंगतप्रेमी: बॅश म्हणजे जंगी पार्टी ना? मग ‘मेजवानी’ म्हणा. आमच्या ऑफिसात अशा दिवशी वडापाव असतोच.

चाचणीवाली: वडापाव आमच्याकडेही असतो, पण इथला बॅश धोपटण्यातला आहे. दोन तास सगळ्यांनी मिळून अ‍ॅप धोपटायचं.

कोशातला_कीडा: ‘ट्रायाज’मध्ये ‘ट्राय’ आहे, म्हणजे तीन. तीन गटांत वाटणी, म्हणून ‘त्रिभाजन’.

रात्रपाळी: मी कॅज्युअल्टीत नर्स आहे. लाल, पिवळा, हिरवा असे रंग आम्ही लावतो, पण काळाही असतो, त्यामुळे तीनावर थांबत नाही. आमच्याकडे ट्रायाज म्हणजे कोणाला आधी बघायचं. दारातून कोणालाच परत पाठवत नाही.

जुना_टेस्टर: ताई बरोबर सांगताहेत. मूळ फ्रेंच धातू ‘त्रिए’, म्हणजे निवडणं. तीनाशी संबंध नाही. आधी लोकर निवडण्यासाठी तो शब्द चाले, जखमींसाठी नंतर आला. निवडणुकीच्या अर्जांमुळे ‘छाननी’ला बाद होण्याचा वास लागलाय. काकांच्या मनात तेच आलं. चाचणीवाली, मागच्या वेळी नेमकं काय झालं ते सांगा, म्हणजे शब्द त्यावर बसवता येईल.

चाचणीवाली: हद्द आखली नव्हती. “अ‍ॅप बघा” एवढंच सांगितलं आणि दर नोंदीला एक गुण ठेवला. दोन तासांत 137 नोंदी आल्या. निम्म्याहून जास्त शुद्धलेखनाच्या, कारण त्या पटकन सापडतात. “लॉगिन हळू आहे” अकरा जणांनी लिहिलं. निवडायला आम्हाला चार दिवस लागले आणि तोवर लोकांचा उत्साह गेला.

आणि एक नोंद मी स्वतः बंद केली होती: “रक्कम टाकली की अडकतं.” माझ्याकडे अडकत नव्हतं. आठवड्याने काउंटरवरच्या ताईंच्या शेजारी बसून पाहिलं, तर त्यांचा कीबोर्ड मराठी. त्या १५०००० असं टाइप करत होत्या.

```
Number("१५००००")   // NaN
Number("150000")   // 150000
```

देवनागरी आकडे अ‍ॅपला आकडे वाटतच नव्हते. कर्जदारांतही मराठी कीबोर्ड वापरणारे पुष्कळ आहेत.

जुना_टेस्टर: बाहेरची माणसं बोलवायची ती याचसाठी. यंदा हद्द एका ओळीत लिहा: ‘नवीन कर्जअर्ज, रक्कम भरण्यापासून जामीनदार जोडेपर्यंत; लॉगिन आणि छपाई नाही.’ तक्त्यात काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, कोणता फोन, किती वाजता, हे पाच रकाने पुरतात. कीबोर्डसारखी गोष्ट रकान्यात येणार नाही, म्हणून स्क्रीनचा फोटो मागा. वेळ मात्र सोडू नका, तिच्यावरून सर्व्हरच्या लॉगमध्ये ती घटना सापडते.

गुण निवड झाल्यावरच द्या: किरकोळला 1, काम अडवणाऱ्याला 5, पैसे किंवा माहिती चुकवणाऱ्याला 10. दुसऱ्याने तीच चूक लिहिली पण पायऱ्या जास्त नीट दिल्या, तर त्यालाही 2. मग लोक घाई करत नाहीत.

आलेला ढीग दुसऱ्या दिवशीच घ्या. आधी स्क्रीनप्रमाणे लावून एकसारख्या नोंदी एकमेकींना जोडा, पुसू नका. मग चूक पुन्हा घडवून बघा. ‘माझ्याकडे होत नाही’ म्हणून बंद करण्याआधी लिहिणाऱ्याच्या शेजारी पाच मिनिटं बसा. गांभीर्य आणि तातडी त्यानंतर ठरवा.

पंगतप्रेमी: अकरा जणांनी लॉगिन लिहिलं म्हणजे तेच सगळ्यात तातडीचं ना?

जुना_टेस्टर: तसं नाही. अठरा जण एकाच वेळी एकाच दारातून आत आले. सगळे लॉगिनवर अडखळणारच, आणि चाचणीचा सर्व्हरही तेव्हाच दमतो. इथली संख्या गर्दी सांगते, नुकसान सांगत नाही.

कांदेनवमी: आमच्या लासलगावच्या बाजारात ‘प्रतवारी’ म्हणतात. गोल्टी वेगळी, मोठा कांदा वेगळा. कोणी बाद होत नाही, फक्त ढीग पडतात.

कोशातला_कीडा: ‘त्रिभाजन’ मी मागे घेतो. पण प्रतवारीत मालाची प्रत कळते, आधी काय उचलायचं ते कळत नाही. संस्थेच्या नावातली चूक किरकोळच असते, तरी ती आजच सुधारावी लागते.

रात्रपाळी: मग ‘क्रमवारी’? आमचं काम तेच आहे.

जुना_टेस्टर: क्रमवारीत पहिला-दुसरा-तिसरा असा नंबर लागतो, ढीग पडत नाहीत. मी साधं ‘निवडणं’ म्हणेन. तांदूळ निवडताना खडेही हाताने तपासूनच बाजूला काढतो.

चाचणीवाली: निमंत्रणात ‘निवड’ लिहिलं तर काकांना वाटेल बढतीची निवड आहे! तूर्त असं लिहिलंय: ‘तुमची प्रत्येक नोंद शनिवारी वाचून, कोणती आधी दुरुस्त करायची ते ठरवू.’ नावाची जागा अजून रिकामी आहे. काका ‘प्रतवारी’ला हो म्हणताहेत, हिशेबातल्यांना ‘निवडणं’ आवडलंय.