एकाच बाथरूममध्ये अचानक पाणी कमी: तुमच्याकडे शेवटी काय निघालं?

पागोळी
मंगळवारी सकाळी आमच्या आतल्या बाथरूमची धार एकदम करंगळीएवढी झाली. आदल्या रात्रीपर्यंत सगळं नीट होतं. स्वयंपाकघरात आणि दुसऱ्या बाथरूममध्ये पाणी नेहमीसारखंच येतंय.

बेसिनच्या नळाची जाळी काढून धुतली, फरक शून्य. मग मोजूनच बघितलं. 1 लिटरचं भांडं स्वयंपाकघरात 7 सेकंदांत भरतं, या बेसिनला 40 सेकंद लागतात. शॉवर नुसता ठिबकतोय. फ्लशची टाकी पूर्वी दोन मिनिटांत भरायची, आता पाच मिनिटं लागतात. गरम आणि गार दोन्ही सारखंच कमी आहे. गीझर त्याच बाथरूममध्ये आहे. आणखी एक गोष्ट विचित्र वाटते: नळ उघडल्याबरोबर क्षणभर चांगला जोर असतो, मग धार बारीक होते.

ज्यांनी हे भोगलंय त्यांनी कृपया लिहा. नुसता उपाय नको, शोध घेत तिथपर्यंत कसे पोचलात तेही सांगा.

उंबरठा
जाळी परत काढा. माझ्याकडे दोनदा हेच झालं होतं. वरून स्वच्छ दिसते, पण आतल्या बारीक थरात वाळू अडकलेली असते. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली की क्षार सुटतात. शॉवरचंही तसंच करा.

सांजवेळ
आमच्या संपूर्ण इमारतीत पाणी कमी येत होतं, गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट अडकला होता. तुम्हीही आधी टाकी बघून घ्या.

पागोळी
सांजवेळ, बाकी घरात पाणी पुरेसं आहे हो, त्यामुळे टाकीचा प्रश्न नसावा. उंबरठा, जाळी आज पूर्ण काढूनच नळ सोडला. तरी 40 सेकंदच.

जुनी_चावी
पाइपलाइनच्या कामात बरीच वर्षं गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

उंबरठा यांचं म्हणणं एका नळापुरतं बरोबर आहे. पण बेसिन, शॉवर आणि फ्लश या तिघांच्या जाळ्या एकाच रात्री तुंबत नाहीत. गरमही कमी आहे, कारण गीझरला पाणी त्याच गार लाइनमधून जातं. म्हणजे अडथळा या सगळ्यांना फाटा फुटण्याआधी, बाथरूमच्या तोंडाशी आहे.

तुम्ही लिहिलेला तो क्षणभराचा जोर फार कामाचा आहे. नळ बंद असताना पाणी वाहत नाही, त्यामुळे अडथळा असला तरी त्यामागचा दाब हळूहळू पलीकडे पूर्ण चढतो. नळ उघडला की साठलेला तेवढा जोर निघून जातो आणि पुढे फटीतून जितकं शिरेल तितकंच पाणी मिळतं. भिंतीत पाइप मोठा फुटला असता तर दाब असा चढलाच नसता. तरी खात्रीसाठी सगळे नळ बंद करून मीटरचा काटा बघा. तो हलत नसेल तर गळती नाही.

आता एक प्रश्न. गेल्या आठवड्यात त्या बाथरूमचं पाणी कोणी बंद केलं होतं का?

पागोळी
मीटर स्थिर आहे. आणि हो! रविवारी गीझर बदलला. तेव्हा डक्टमधला चक्रीचा व्हॉल्व्ह बंद केला होता. तो कित्येक वर्षांत कोणी हलवला नव्हता. पण काम झाल्यावर पूर्ण उघडला, मी स्वतः पाहिलंय. सोमवारी पाणी ठीक होतं.

जुनी_चावी
मग संशय त्याच्यावरच. गेट व्हॉल्व्हमध्ये दांड्याला पितळी पाकळी अडकवलेली असते. चक्री फिरवली की ती वर-खाली होते. वर्षानुवर्षं एकाच जागी राहून तिच्यावर क्षार चढतात. मग जोर लावून बंद-उघड केलं की कधीकधी तिची पकड तुटते. दांडा वर येतो, चक्री उघडी दिसते, पण पाकळी आतच अडकून राहते. पहिल्या दिवशी ती वरच धरून राहिली असेल आणि नंतर घसरली असेल.

खात्री अशी करा. नळ चालू ठेवून चक्री अर्धी बंद करा. धार जराही बदलली नाही, तर पाकळी दांड्यापासून सुटलीय असं समजायला हरकत नाही. मात्र पूर्ण बंद करू नका. दांडा सुटलेल्या पाकळीला खाली ढकलेल आणि आहे तेवढं पाणीही जाईल. वर खेचायला दांड्याशी काही जोडलेलं नसेल.

तिसरा_मजला
एवढी शोधाशोध करण्यापेक्षा त्या बाथरूमच्या लाइनला छोटा प्रेशर पंप लावा. आम्ही लावला आणि शॉवर मस्त चालतो.

जुनी_चावी
तुमच्याकडे मुळात दाबच कमी असेल, तिथे पंप योग्यच. इथे दाब पूर्ण आहे, वाट अरुंद आहे. पंपाने धार थोडी वाढेल, पण मूळ दोष तसाच राहील आणि पाकळी आणखी सरकली तर पंप कोरडा चालेल.

ओलीवाट
माझ्याकडे फक्त गरम पाणी कमी झालं होतं, गार उत्तम. गीझरच्या इनलेटला पाणी उलटं जाऊ नये म्हणून जो व्हॉल्व्ह असतो, त्यात टेफ्लॉन टेपचा तुकडा अडकला होता. पागोळी, तुमचाही गीझर नवीन आहे म्हणून सांगते. पण तुमचं गारही कमी आहे, त्यामुळे हे लागू होईलसं वाटत नाही.

पागोळी
झालं! चक्री अर्धी बंद केली, भांडं भरायला तेच 40 सेकंद. आज मुख्य लाइन बंद करून व्हॉल्व्ह कापून काढला. आत पाकळी तिरकी अडकली होती, खाली चंद्रकोरीएवढी फट उरली होती. त्याजागी पूर्ण तोंडाचा बॉल व्हॉल्व्ह बसवला. बेसिनला आता 8 सेकंद.

एक चूक मात्र झाली, ती लिहितेच. पाणी सोडण्याआधी शॉवर आणि बेसिनच्या जाळ्या काढून ठेवायला हव्या होत्या. बेसिनची होती काढलेली, शॉवरची विसरले. पाइपातला सगळा गंज आणि क्षारांच्या पापड्या त्यात जाऊन बसल्या. बेसिन सुटलं तरी शॉवर बारीकच, तेव्हा मी पुन्हा घाबरले. डोकं काढून धुतल्यावर तोही सुटला. जुनी_चावी, मनापासून आभार. टाइल फोडायची तयारी झाली होती आमची.

उंबरठा
जाळीचा आग्रह मी उगाच धरला. तिन्ही ठिकाणी कमी आहे हे नीट वाचलंच नव्हतं.

रानपाखरू
आमच्याकडे डक्टमध्ये काही नाही, भिंतीतच कन्सील्ड कॉक आहे. त्यात रबरी वॉशर दांड्यावरून सुटून पडला होता. टाइल न फोडता पुढची कॅप काढून आतला भाग बाहेर काढता आला. मुख्य पाणी आधी बंद केलं होतं, हे महत्त्वाचं.

भरतीओहोटी
माझं अजून सुटलेलं नाही. एकाच बाथरूममध्ये धार अचानक कमी होते आणि तासाभराने आपोआप पूर्ववत येते. आठवड्यातून एकदोनदा. व्हॉल्व्ह नवा बॉल व्हॉल्व्ह आहे, जाळ्या साफ आहेत. पाइप जुना लोखंडी आहे.

जुनी_चावी
गंजाची सुटी पापडी एखाद्या कोपऱ्यात उलटसुलट होत असेल, असा माझा कयास आहे. पण न बघता ठाम सांगणार नाही. पुढच्या वेळी धार कमी झाली की लगेच गरम आणि गार वेगवेगळं मोजा आणि फ्लश भरतोय का ते बघा. ते आकडे इथे टाका.

भरतीओहोटी
भांडं आणि घड्याळ बाथरूममध्येच ठेवलंय. झालं की लिहितो.