मदत हवी आहे: अपघात अहवालात काळ सारखा घसरतो

टॉवेलपाळी२: अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचा अहवाल आहे. मालक म्हणतात, नीट वाचता येत नाही. कुठे चुकतंय?

"सकाळी १०.२० ला कामगार ३ नंबर मागावर अडकलेला धागा काढत असतो. जाळी काढली होती. हेल्पर माग सुरू करतो. बोट पट्ट्यात सापडलेले आहे. त्याला दवाखान्यात नेण्यात येत आहे."

शिरस्तेदार: सोप्पंय. सगळं भूतकाळात लिहा, "आहे" दिसला की खोडा.

ताणाबाणा: अर्धं बरोबर. "करतो", "येत आहे" जायलाच हवेत; ते धावतं वर्णन झालं. पण "माग अजून बंद आहे" हे लिहिण्याच्या वेळी खरं असेल तर "आहे"च हवं, फक्त वेळ टाका. "बंद होता" लिहिलंत तर वाचणारा समजेल, आता सुरू झाला.

खरा घोळ "जाळी काढली होती" या वाक्यात आहे. "कामगाराने जाळी काढली" म्हणजे त्या ओघात, त्यानेच. "काढली होती" म्हणजे घटनेच्या आधी, पण कधी आणि कोणी ते गुलदस्त्यात. "काढलेली होती" म्हणजे फक्त स्थिती दिसली. चौकशीत दोष कुणावर जाईल ते इथे ठरतं. म्हणून "काढली होती" लिहिलं की आधीची वेळ आणि माणूस जोडायचा. माहीत नसेल तर "काढलेली होती" किंवा "काढलेली आढळली". सवयीने प्रत्येक क्रियापदाला "होता" चिकटवलं, तर आधी काय आणि नंतर काय तेच कळत नाही.

सोलापुरी_चादर: आमच्याकडे विम्याचा फॉर्म इंग्रजीत मागतात. तो कसा भरायचा?

ताणाबाणा: दादा, तो वेगळा प्रश्न. पण इंग्रजीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना काळ मागे नेतात, ती सवय इथेही नडते. हेल्पर म्हणाला असेल "माग बंद आहे", तर अहवालात "हेल्पर म्हणाला, की माग बंद आहे" असंच ठेवा. "बंद होता" केलंत, तर तो त्याआधीच्या वेळेबद्दल बोलला असा अर्थ निघतो.

दुरुस्त करून:

"सकाळी १०.२० ला कामगार ३ नंबर मागाच्या पट्ट्याजवळचा अडकलेला धागा काढत होता. माग बंद होता. पट्ट्यावरची जाळी काढलेली होती. ती कोणी काढली, हे कळलेले नाही. हेल्परने माग सुरू केला. कामगाराचे बोट पट्ट्यात सापडले. सुपरवायझरने त्याला १०.३५ ला दवाखान्यात नेले. दुपारी २ वाजता, अहवाल लिहिताना, माग बंद आहे."

चालू असलेलं काम "काढत होता", घडलेल्या गोष्टी "केला, सापडले, नेले". "त्याला नेला" नको, "नेले".

शिरस्तेदार: "नेण्यात आले" जास्त शिस्तीचं नाही का?

ताणाबाणा: शिस्तीचं दिसतं, पण नेलं कोणी ते लपतं.

शिरस्तेदार: वरचे साहेब तेच मागतात हो.

टॉवेलपाळी२: जाळीचं आधीच्या पाळीला विचारतो. तोवर "काढलेली होती"च ठेवतो.