मदत हवी: बाबांचं ट्रॅक्टरचं कर्ज आधी फेडावं का एफडी करावी? दोघा भावांचा वाद

दारव्हेकर: नमस्कार मंडळी. बाबांच्या ट्रॅक्टर लोनचे 3 लाख बाकी आहेत, व्याज 12 टक्के, हप्ता 9,964 चा, अजून 36 हप्ते, ते मी न लहान भाऊ पगारातून भरतो. कापूस विकून 1 लाख हाती आले. मी म्हणतो लोनमध्ये टाकू. तो म्हणते, "दादा, 36 हप्त्यांचं व्याज मिळून 58,704, म्हणजे लाखामागं 19,568. एफडीत 7 टक्क्यानं लाखाचे 3 वर्षात 1,23,144 होतात. मंग काहून फेडाचं?" आकडे तपासले तर बरोबर आहेत, तरी पटत नाही. काल यावरून एवढी गरमागरमी झाली की बाबा ताटावरून उठून गेले. चूक कुठं आहे सांगा ना.

कास्तकार_वणी: भरू नका भाऊ, माफी येते. आमचं 2019 च्या महात्मा फुले योजनेत माफ झालं.

दारव्हेकर: ते पीककर्ज होतं भाऊ, हे ट्रॅक्टरचं आहे.

सोयाबीनवाला: साधं आहे, 12 मोठे का 7? वर्षाला 5 टक्के, म्हणजे 3 वर्षात 15 हजार वाचतात. भरून टाका.

निवृत्त_बँकवाली: दिशा बरोबर, पण 15 हजाराचा हिशोब तसा नाही. बाळा, तुझा भाऊ फसला तो इथं: कर्जाचे 3 लाख तुमच्याकडे 3 वर्षं राहतच नाहीत. पहिल्या हप्त्यात 3,000 व्याज आणि 6,964 मुद्दल जातं, शेवटच्या हप्त्यात व्याज शंभराच्याही आत, म्हणून लाखामागं व्याज कमी दिसतं. एफडीतला लाख मात्र पूर्ण 3 वर्षं तिथंच पडून. आज लाख भरून हप्ता तोच ठेवा आणि किती हप्ते उरतात ते एक्सेलमध्ये काढा:

```
=NPER(1%,-9964,200000)
```

उत्तर साधारण 22.5. म्हणजे मागचे साडेतेरा हप्ते वाचले, त्याचे झाले 1,34,300 च्या आसपास. एफडीचे 1,23,144. 11 हजाराचा फरक, आणि सुटलेले हप्ते बचतीत टाकले तर त्याचं व्याज वेगळं. फक्त बँकेला लेखी द्या की मुदत कमी करा, हप्ता नको, नाहीतर हप्ताच उतरवतात न मग हा हिशोब बसत नाही. मंजुरीपत्रात आगाऊ भरण्याचा चार्ज बघा, 2 टक्के असला तर 2 हजार आणि वर जीएसटी जाईल, तरी भरणंच फायद्याचं.

दारव्हेकर: ताई, खूप आभार! भावानं स्वतः लॅपटॉपवर टाकून पाहिलं, तेच आलं, पटलं त्याला. पण आता म्हणते, "जूनमध्ये बी-बियाण्याले पैसे लागले तर बँक भरलेले वापस देईन का?"

निवृत्त_बँकवाली: नाही देत. पेरणीपुरते बाजूला ठेवून बाकीचे भरा.

सोयाबीनवाला: 50 हजार तरी ठेवा, दुबार पेरणी आली तर?

दारव्हेकर: भाऊ 50 म्हणते, मी 25, बाबाले विचारतो.